फोटोतल्या कपड्यांची रंगसंगती शब्दांत कशी सांगतात? टोनल, अ‍ॅनालॉगस, कॉम्प्लिमेंटरी आणि न्यूट्रल म्हणजे काय?

साडीच्या फोटोखाली 'सुंदर रंगसंगती' असं लिहिलेलं असतं. ज्याला फोटो दिसतो त्याला त्याची गरज नसते आणि ज्याला दिसत नाही त्याला त्यातून काहीच कळत नाही. दृष्टिहीन व्यक्तीचा फोन फोटोचं वर्णन वाचून दाखवतो, तेव्हा तिच्यापर्यंत पोहोचतात ते फक्त शब्द. ऑनलाइन साडी मागवून तिच्यावर घरातला ब्लाउज चालेल का, हे ठरवणाऱ्या ग्राहकालाही फोटोइतकाच शब्दांचा आधार लागतो, कारण फोटोतला रंग आणि हातात आलेल्या कापडाचा रंग नेहमी जुळतोच असं नाही.

कपड्यांचे रंग एकमेकांशी कसे जुळले आहेत, हे सांगण्यासाठी चार शब्द सर्रास वापरले जातात: टोनल, अ‍ॅनालॉगस, कॉम्प्लिमेंटरी आणि न्यूट्रल. हे शब्द रंगांची नावं नाहीत. ते रंगांमधलं नातं सांगतात. त्यामुळे आधी प्रत्येक कपड्याचा रंग नीट ओळखला गेला नाही, तर नात्याचं नावही चुकतं. फोटोच्या बाबतीत ही चूक बहुतेकदा प्रकाशामुळे होते.

एका रंगात तीन गोष्टी

'हिरवा' म्हटलं की पोपटीही आला, शेवाळीही आला आणि बाटलीचा गडद हिरवाही आला. हे तिन्ही वेगळे का दिसतात, हे सांगायला तीन प्रश्न पुरतात. अमेरिकन चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मनसेल यांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या रंगपद्धतीचा पाया हेच तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न मूळ रंगाचा: हा लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा यांपैकी कोणत्या कुळातला? दुसरा उजळपणाचा: तो पांढऱ्याकडे झुकलेला आहे की काळ्याकडे? तिसरा तीव्रतेचा: तो भडक आहे की मळकट, म्हणजे राखाडीकडे झुकलेला?

पोपटी रंग पिवळट हिरवा, उजळ आणि भडक असतो. शेवाळीही पिवळट हिरव्याच कुळातला, पण गडद आणि मळकट. म्हणजे दोघांचं कूळ जवळपास एकच, फरक उरलेल्या दोन बाबतींत. तपकिरी रंगाचंही असंच आहे. तो वेगळ्या कुळातला वाटतो, पण तो गडद आणि मळकट झालेला नारिंगीच असतो. विटकरी, बदामी, बिस्किटी हे याच घराण्यातले. रंगसंगती ओळखताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

मराठीत रंगांच्या नावांची कमतरता नाही. मोरपिशी, आमसुली, अंजिरी, डाळिंबी, गुलबक्षी, अबोली, शेंदरी, मोतिया ही नावं ऐकताच डोळ्यांसमोर काहीतरी येतं. पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तेच येतं असं नाही. कोणी मोरपिशी म्हणताना निळा रंग मनात धरतं, तर कोणी हिरवा. म्हणून वर्णनात असं नाव एकटं न सोडता त्याला साध्या शब्दांची जोड देतात: 'मोरपिशी, म्हणजे गडद हिरवट निळा'. नावामुळे चित्र उभं राहतं आणि जोडीच्या शब्दांमुळे ते पक्कं होतं.

'स्किन कलर' हा दुकानातला शब्द मात्र टाळलेलाच बरा. माणसांची त्वचा एकाच रंगाची नसते, त्यामुळे या शब्दातून नेमका रंग कळत नाही. बहुतेक वेळा विक्रेत्याला फिकट बदामी किंवा बिस्किटी म्हणायचं असतं, मग तेच लिहावं.

रंगचक्र कोणतं धरायचं?

कोणते रंग शेजारी आणि कोणते समोरासमोर, हे रंगचक्रावरून ठरतं. रंग वर्तुळात मांडण्याची कल्पना आयझॅक न्यूटन यांच्या १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात आहे. त्यानंतर रंगचक्रं अनेक झाली आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला शिकवतात ते चक्र लाल, पिवळा आणि निळा या तीन रंगांवर उभं असतं. त्यात लालसमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा आणि निळ्यासमोर नारिंगी येतो. मोबाइल आणि कॉम्प्युटरचा पडदा मात्र लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. त्याच्या चक्रात लालसमोर आकाशीकडे झुकलेला हिरवट निळा येतो, पिवळ्यासमोर निळा आणि हिरव्यासमोर गुलबक्षी.

म्हणजे जांभळी साडी आणि पिवळा ब्लाउज ही जोडी पहिल्या चक्रात समोरासमोर येते, दुसऱ्यात येत नाही. कपड्यांबद्दल बोलताना बहुतेक लोक पहिलं, म्हणजे चित्रकाराचं चक्रच गृहीत धरतात. म्हणून अ‍ॅपमधून मिळालेला अंश तसाच घेऊन 'हे पूरक रंग नाहीत' असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरतं. आकड्यांवरून रंगाचं कूळ ओळखावं आणि नातं मात्र चित्रकाराच्या चक्रावर पाहावं.

या चक्रात बारा घरं धरली, तर क्रम असा येतो: लाल, शेंदरी (लालसर नारिंगी), नारिंगी, पिवळसर नारिंगी, पिवळा, पोपटी (पिवळट हिरवा), हिरवा, हिरवट निळा, निळा, निळसर जांभळा, जांभळा, लालसर जांभळा. तिथून पुन्हा लाल.

चार शब्दांचे अर्थ

टोनल: सगळे कपडे एकाच घरातल्या रंगाचे, पण उजळपणा किंवा तीव्रता वेगवेगळी. फिकट आकाशी शर्ट, मध्यम निळी पँट आणि गडद निळं जाकीट ही टोनल संगती. इथे एका कपड्यापासून दुसरा वेगळा दिसतो तो मुख्यतः गडद-फिकटपणामुळे. फोटो कृष्णधवल केला तरी टोनल पेहरावातले कपडे सहसा वेगळे ओळखू येतात.

अ‍ॅनालॉगस: चक्रावरच्या शेजारच्या घरांतले रंग. लाल, शेंदरी आणि नारिंगी. किंवा निळा, हिरवट निळा आणि हिरवा. साधारण पाव वर्तुळात सगळे रंग मावले, तर हा शब्द वापरायला हरकत नाही. टोनलपेक्षा फरक इतकाच, की इथे रंगाचं कूळ खरोखर बदलतं.

कॉम्प्लिमेंटरी: चक्रावर समोरासमोर असलेले रंग. मराठीत त्यांना पूरक रंग किंवा विरोधी रंग म्हणतात. ही दोन नावं उलटी वाटली, तरी दोन्ही रास्त आहेत. रंग एकमेकांच्या विरुद्ध बाजूला असतात आणि जवळ आले की एकमेकांना उठाव देतात. हिरवी साडी आणि लाल काठ हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. अगदी बरोबर समोरचं घर नसून त्याच्या शेजारचं असेल, तर 'जवळपास पूरक' म्हणावं.

न्यूट्रल: काळा, पांढरा, राखाडी आणि त्यांच्या जवळचे कमी तीव्रतेचे रंग: मोतिया, बदामी, खाकी, मातकट. मराठीत तटस्थ रंग. ते कोणत्याही कुळाची बाजू जोरात घेत नाहीत, म्हणून कशाहीसोबत खपतात. पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि पांढरी टोपी हा वारकऱ्याचा पेहराव न्यूट्रल आहे. खांद्यावरची भगवी पताका फोटोत उठून दिसते ती त्यामुळेच. पण पताका म्हणजे पेहराव नव्हे, त्यामुळे तिच्यामुळे संगतीचं नाव बदलत नाही.

न्यूट्रलमध्ये एक वादाचा भाग आहे. नेव्ही ब्लू आणि जीन्सचा निळा हे खरं तर निळ्या कुळातले रंग आहेत. पण ते गडद किंवा मळकट असतात आणि रोजच्या वापरात काळ्या-राखाडीच्या जागी येतात, म्हणून कपड्यांच्या जगात त्यांना न्यूट्रल धरण्याची रीत आहे. अशा वेळी दोन्ही सांगून टाकावं: 'पांढरा टी-शर्ट आणि गडद निळी जीन्स, न्यूट्रल संगती'. वाचणाऱ्याला रंगही कळतो आणि लिहिणाऱ्याने तो कसा धरला तेही.

फोटो कुठे फसवतो?

फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका ड्रेसचा फोटो जगभर फिरला. काहींना तो पांढरा-सोनेरी दिसत होता, काहींना निळा-काळा. प्रत्यक्षात ड्रेस निळा आणि काळा होता. फोटोत प्रकाश कुठून आणि कसा पडला आहे, हे स्पष्ट कळत नव्हतं. ज्यांच्या मेंदूने ड्रेस निळसर सावलीत आहे असं धरलं, त्यांना तो पांढरा-सोनेरी वाटला. ज्यांच्या मेंदूने तो पिवळसर उजेडात आहे असं धरलं, त्यांना निळा-काळा. पिक्सेल सगळ्यांसाठी तेच होते. बदलला तो उजेडाबद्दलचा अंदाज.

कापडाचा रंग सांगताना हा अंदाज जाणीवपूर्वक करावा लागतो. त्यासाठी फोटोत खात्रीने पांढरी असलेली एखादी गोष्ट शोधतात: मोगऱ्याचा गजरा, पांढरा शर्ट, कागद, चुन्याची भिंत. ती पिवळट दिसत असेल, तर संपूर्ण फोटोवर पिवळी झाक आहे. निळसर दिसत असेल, तर निळी. मोबाइलमधल्या एडिटिंगच्या सोयीत 'व्हाइट बॅलन्स' किंवा 'वॉर्म्थ' नावाचा पर्याय असतो. त्याने पांढरी वस्तू पांढरी दिसेपर्यंत झाक कमी करता येते.

दुसरी फसवणूक घड्यांची. एकाच रंगाच्या साडीच्या निऱ्यांमध्ये वरचा भाग उजळ दिसतो आणि आतला गडद. रंग मोजणारं साधन दोन्हीकडे लावलं, तर दोन वेगळे आकडे मिळतात आणि पेहराव टोनल असल्याचा भास होतो. पण तो कापडाचा फरक नसून सावलीचा असतो. एकाच कापडातल्या उजेड-सावलीला टोनल म्हणत नाहीत. टोनल म्हणायला वेगवेगळे कपडे, किंवा विणीत-छपाईत वेगळ्या केलेल्या छटा हव्यात. म्हणून रंग पाहताना चकाकणारा भाग आणि खोल सावली दोन्ही सोडून मधला, सपाट पसरलेला भाग निवडतात.

तिसरी फसवणूक शेजारच्या रंगाची. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरेल यांच्याकडे काळा रंग फिका पडत असल्याची तक्रार आली होती. तपासणीत काळ्या रंगात दोष आढळला नाही. त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो तसा भासत होता. यावर त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. फोटोतही भडक जांभळ्याशेजारची राखाडी ओढणी किंचित पिवळट वाटू शकते. उपाय सोपा आहे. पांढऱ्या कागदाला छोटं भोक पाडून तो पडद्यावर धरायचा आणि फक्त त्या भोकातून कापड पाहायचं. शेजारचा रंग झाकला गेला की खरा रंग ओळखू येतो.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजा, लग्नाच्या हॉलमध्ये काढलेला फोटो आहे. एका स्त्रीने गडद साडी नेसली आहे, ब्लाउज पिवळा आहे, साडीला जरीचे काठ आहेत, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या आणि केसांत मोगऱ्याचा गजरा. हॉलमध्ये पिवळे दिवे आहेत. पहिल्या नजरेला साडी आमसुली वाटते, म्हणजे गडद लालसर जांभळी.

पहिली पायरी, काय मोजायचं ते ठरवणं. त्वचा, केस, फुलं, मागचा पडदा आणि शेजारी उभे असलेले लोक बाजूला ठेवायचे. पेहरावात राहतात साडी, ब्लाउज, काठ आणि बांगड्या.

दुसरी पायरी, झाक तपासणं. रंग मोजणारं साधन गजऱ्याच्या फुलावर ठेवलं, तर लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे अनुक्रमे २४०, २१६ आणि १६८ मिळतात असं धरू. हे आकडे ० ते २५५ या पट्टीवर असतात आणि पांढऱ्या वस्तूसाठी तिन्ही जवळजवळ सारखे हवेत. इथे लाल वर गेला आहे आणि निळा खूप खाली. म्हणजे हॉलच्या दिव्यांनी निळा गिळून टाकला आहे.

तिसरी पायरी, दुरुस्ती. गजऱ्याचे तिन्ही आकडे २१६ वर आणायचे तर लाल साधारण ०.९ ने आणि निळा साधारण १.२९ ने गुणावा लागतो, हिरवा तसाच राहतो. व्हाइट बॅलन्सचा पर्याय आतल्या आत साधारण हेच करतो. साडीचे मूळ आकडे १०१, ४२, ८६ होते. दुरुस्तीनंतर ते ९१, ४२, ११० च्या आसपास येतात. आधी लाल सर्वात जास्त होता, आता निळा सर्वात जास्त आहे. पडद्याच्या चक्रावर साडी ३१५ अंशांच्या आसपासवरून २८३ अंशांच्या आसपास सरकली. साडी आमसुली नाही, गडद जांभळी आहे.

ब्लाउजचे आकडे २२३, १६२, ४५ होते. दुरुस्तीनंतर २०१, १६२, ५८ होतात. अंशांत बघितलं तर फरक जेमतेम चार-पाच अंशांचा. म्हणजे पिवळ्या उजेडात पिवळा ब्लाउज फारसा बदलला नाही, पण जांभळी साडी पार दुसऱ्या घरात गेली. पिवळ्या दिव्याखाली घोटाळा होतो तो निळ्या-जांभळ्या कपड्यांचाच, तो यामुळे.

चौथी पायरी, रंगांना नाव देणं. साडी: गडद जांभळी, मध्यम तीव्रतेची. ब्लाउज: मोहरीसारखा, किंचित नारिंगीकडे झुकलेला पिवळा. बांगड्या: हिरव्या. काठ: सोनेरी जर.

पाचवी पायरी, क्षेत्रफळ. साडीने पेहरावाचा बहुतेक भाग व्यापला आहे, ब्लाउज बराच कमी, बांगड्या अगदी थोड्या. संगतीचं नाव मोठ्या भागांवरून ठरवतात. बांगड्यांचा हिरवा हा छोटा ठळक भाग आहे. तो नोंदवायचा, पण त्यावरून नाव ठरवायचं नाही.

जरीबद्दल थोडं थांबायला हवं. सोनेरी जर फोटोत पिवळी दिसते, पण ती चमकते आणि प्रकाशाप्रमाणे कुठे पांढरी, कुठे तपकिरी दिसते. कपड्यांच्या वर्णनात धातूसारख्या चकाकीला सहसा न्यूट्रल मानतात. म्हणून जांभळ्या साडीला फक्त जरीचा काठ असेल आणि ब्लाउजही जांभळाच असेल, तर तिला पूरक संगती म्हणू नये. ती एकरंगी जांभळी साडी आहे, जरीच्या काठाची. इथे पूरकपणा ठरतो तो ब्लाउजच्या कापडातल्या पिवळ्यामुळे.

सहावी पायरी, नातं. चित्रकाराच्या चक्रावर जांभळ्यासमोर पिवळा. ब्लाउज किंचित नारिंगीकडे झुकलेला असला, तरी समोरच्या घराच्या जवळच आहे. म्हणून संगती कॉम्प्लिमेंटरी, किंवा काटेकोर बोलायचं तर जवळपास पूरक.

दुरुस्ती न करताच नाव दिलं असतं, तर काय झालं असतं? आमसुली साडी लालसर जांभळ्या घरात गेली असती आणि ब्लाउज पिवळसर नारिंगी घरात. या दोन घरांमध्ये चार घरांचं अंतर आहे. ते शेजारीही नाहीत आणि समोरासमोरही नाहीत. म्हणजे नुसतं रंगाचं नाव चुकलं नसतं, संगतीचं नावही चुकलं असतं. आणि तो मजकूर वाचून आमसुली साडीसाठी डाळिंबी ब्लाउज मागवणाऱ्याच्या हाती भलतीच जोडी आली असती.

शेवटी वर्णन एका-दोन वाक्यांत असं लिहिता येतं: 'गडद जांभळी साडी, सोनेरी जरीचे काठ आणि मोहरीसारखा पिवळा ब्लाउज. जांभळा आणि पिवळा हे पूरक रंग. हातात हिरव्या बांगड्या. फोटो पिवळ्या दिव्यांत काढलेला आहे, त्यामुळे साडी त्यात लालसर दिसते.' आधी सर्वात मोठा भाग, मग दुसरा, मग नातं, मग बारीकसारीक आणि शेवटी प्रकाशाची सूचना, हा क्रम ऐकणाऱ्यालाही सोपा जातो. संगतीचं नाव एकटं कधीच ठेवत नाहीत. 'कॉम्प्लिमेंटरी पेहराव' एवढंच लिहिलं, तर तो लाल-हिरवा आहे की निळा-नारिंगी, हे कसं कळणार?

चारांपैकी काहीच बसत नसेल तर?

सगळे पेहराव या चार शब्दांत बसत नाहीत. लाल कुर्ता आणि पिवळी ओढणी घेतली, तर चित्रकाराच्या चक्रावर त्यांच्यात चार घरांचं अंतर आहे. त्यांना ओढूनताणून अ‍ॅनालॉगस किंवा कॉम्प्लिमेंटरी म्हणण्यापेक्षा 'लाल आणि पिवळा, एकमेकांपासून ठळक वेगळे' असं सरळ लिहावं. पाच-सहा रंगांची छापील साडी असेल, तर 'बहुरंगी' म्हणून त्यातले ठळक दोन-तीन रंग सांगावेत.

धूपछाव कापडाची गोष्ट आणखी वेगळी. त्यात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, त्यामुळे कापड हललं की रंग बदलतो. काही पैठण्यांतही असं विणकाम असतं. एका फोटोत अशी साडी हिरवी दिसेल, दुसऱ्यात जांभळी. अशा कापडाचा एकच रंग सांगणं बरोबर नाही. 'हिरव्या-जांभळ्या धूपछाव विणीची साडी, या फोटोत हिरवा भाग जास्त दिसतो' असं लिहिलं की खरं ते सांगितलं जातं.

घरातल्या जुन्या कृष्णधवल फोटोंमध्ये तर फक्त उजळपणा उरलेला असतो. तिथे 'गडद साडी, फिकट काठ' एवढंच सांगता येतं. टोनल किंवा कॉम्प्लिमेंटरी हे शब्द तिथे लागू पडत नाहीत, कारण रंगाचं कूळच माहीत नसतं. अंदाज बांधणं धोक्याचं ठरतं, कारण जुन्या काळातल्या अनेक काचा आणि फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नसत. त्यामुळे लाल कापड काळपट उमटे आणि निळं कापड फिकट. अशा फोटोत काळी दिसणारी साडी प्रत्यक्षात लालभडक असू शकते. हाताने रंगवलेल्या जुन्या फोटोंत रंग दिसतात खरे, पण ते रंगवणाऱ्याने निवडलेले असतात. तसं वर्णनात लिहावं.

लिहून झाल्यावर वर्णन तपासायचा एक सोपा मार्ग आहे. फोटो न पाहिलेल्या माणसाला ते वाचून दाखवायचं आणि घरातल्या कपड्यांतून तशी जोडी काढायला सांगायची. त्याने काढलेली जोडी फोटोच्या जवळ गेली, तर वर्णन ठीक आहे. ती फार वेगळी आली, तर कोणता शब्द कमी पडला, मूळ रंगाचा, उजळपणाचा की तीव्रतेचा, हे त्या फरकावरून लगेच कळतं.